ताप थोडाच आहे, पण आई गुंगीत आहे: वाट पाहू नका
(आमच्या घरपोच शुश्रूषा सेवेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या सेविका जातात त्यांपैकी बऱ्याच घरांतली मुलं मुंबई-पुण्याला असतात. संध्याकाळी फोन येतो, "आई कशी आहे?" इकडून उत्तर जातं, "ताप नव्व्याण्णवच आहे, शांत झोपून आहे." सगळे निर्धास्त होतात. पण एरवी ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणारी बाई दिवसभर शांत झोपून असेल, तर तिची तातडीने तपासणी व्हायला हवी.

वय झालं की शरीर तापाने पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही. मुळात अनेक वृद्धांचं रोजचं तापमानच ९७ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे त्यांना ९९ म्हणजे दोन अंशांची वाढ झाली. न्यूमोनियासारखा गंभीर जंतुसंसर्ग असतानाही काहींना ताप जेमतेम येतो, काहींना येतच नाही. खोकला किंवा लघवीची जळजळही सांगितली जात नाही. संसर्गामुळे शरीरात दाह होतो, पाणी कमी पडतं, रक्तदाब किंवा ऑक्सिजन उतरतो, आणि हा ताण वृद्ध मेंदूला सोसत नाही. म्हणून पहिली खूण वागण्यात दिसते.

कुणी बरळतात, उठून घराबाहेर जाऊ पाहतात; ते लगेच लक्षात येतं. हाक मारल्यावर जेमतेम डोळे उघडणारं, घास तोंडात तसाच धरून बसणारं माणूस मात्र 'थकलंय' म्हणून सोडून दिलं जातं. विसराळूपणाचा जुना आजार महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. हा बदल काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत होतो आणि कमी-जास्त होत राहतो. सकाळी ओळखलं म्हणजे बरं वाटलं, असं समजू नका.

समजा, गुहागर तालुक्यातल्या ७८ वर्षांच्या एक आजी आहेत. काल जेवल्या नाहीत. आज दुपारी सुनेला त्यांनी बहिणीच्या नावाने हाक मारली आणि बोलता बोलता पुन्हा डोळे मिटले. ताप ९९.४. सून पॅरासिटामॉल देऊन रात्रभर वाट पाहायचं ठरवते. गोळीने आकडा उतरेल, संसर्ग तसाच राहील. त्याऐवजी तिने घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजली, तर श्वास २८ भरतो. स्वस्थ पडलेल्या माणसाचा श्वास २२ च्या वर जाणं हे काळजीचं लक्षण आहे. ऑक्सिमीटरवर ९१, रक्तदाब वरचा ९६, सकाळपासून लघवी एकदाच, तीही थोडी. खोकला नसला तरी हे चित्र छातीच्या संसर्गाचं असू शकतं. आजींना त्याच दुपारी रुग्णालयात न्यायला हवं. खाडीपलीकडे दाभोळ-दापोलीकडे जायचं असेल तर रात्री फेरीबोट मिळत नाही. आपल्याकडे निर्णय उजेडात घेतलेला बरा.

सगळीच गुंगी संसर्गाची नसते. मधुमेह असेल तर आधी ग्लुकोमीटरवर साखर पाहा. ती ७० च्या खाली असेल आणि रुग्ण नीट जागा असून गिळू शकत असेल, तरच साखरपाणी द्या. तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, किंवा गेल्या काही आठवड्यांत पडून डोक्याला मार लागला होता, तर तेही निघताना सांगा. हाकेला साद नसेल, धाप लागली असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर थेट १०८ ला फोन करा. अशा माणसाच्या तोंडात पाणी, पेज किंवा गोळी घालू नका, ती श्वासनलिकेत जाते. कुशीवर झोपवा.

घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका. त्याने नंतरच्या तपासण्यांत जंतू सापडणं अवघड होतं. फक्त लघवीचा रिपोर्ट पाहून निदान पक्कं झालं, असंही मानू नका. अनेक वृद्धांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात, म्हणून छाती, पायाच्या जखमा, पाठीवरचे व्रण हेही डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात शेतात किंवा गोठ्यात वावर झाला असेल तर लेप्टोचा विचार व्हावा म्हणून ते आवर्जून सांगा.

डॉक्टरांशी बोलताना 'वयोमानाने होतंय' असं स्वतःहून म्हणू नका. "परवापर्यंत स्वतः चहा करत होती, काल दुपारपासून ओळखत नाही" एवढं स्पष्ट सांगा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं, विशेषतः नव्या सुरू झालेल्या झोपेच्या किंवा सर्दीच्या गोळ्या, चष्मा आणि कानाचं यंत्र बरोबर घ्या. रात्री ओळखीचं माणूस जवळ ठेवा. संसर्ग आटोक्यात आल्यावरही गोंधळ जायला काही दिवस, कधी कधी काही आठवडे लागतात. त्या काळात आमच्या सेविकेला रोजचं तापमान, श्वास, पाणी आणि लघवी वहीत लिहायला सांगा, आणि पुढच्या भेटीला ती वही डॉक्टरांकडे न्या.