त्रिविध जुळणी (थ्री-वे मॅचिंग)

पुरवठादाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी ते खरेदी आदेश (पीओ) आणि मालाची पावती (जीआरएन) यांच्याशी पडताळून पाहण्याची लेखापद्धती. काय मागवले आणि कोणत्या दराने, हे पीओ सांगतो; प्रत्यक्ष किती आले हे जीआरएन सांगते; पुरवठादार किती पैसे मागतो हे बिलावर असते. दर पीओशी ताडायचा आणि नग जीआरएनशी.

समजा, 120 दराने 500 बेअरिंगांचा पीओ दिला. स्टोअरमध्ये 480 उतरली. बिल मात्र 500 नगांचे, दर 124, म्हणजे एकूण 62,000. आलेल्या मालाची ठरल्या दराने किंमत होते 57,600. तफावत 4,400 ची. ती दोन भागांत फोडावी लागते, कारण दोन्हींची उत्तरे वेगवेगळ्या माणसांकडे असतात. न आलेल्या 20 नगांचे 2,400, याचा खुलासा स्टोअर करील. 500 नगांवर वाढीव 4 प्रमाणे 2,000, याचा खुलासा खरेदी विभागाने द्यायचा. तोवर बिल नोंदवले तरी त्याचे पेमेंट अडवून ठेवतात. उरलेले 20 नग मागाहून येणार असतील तर थांबता येते. येणार नसतील किंवा दरवाढ मान्य नसेल तर पुरवठादाराकडून क्रेडिट नोट घेतात. किरकोळ फरकासाठी प्रत्येक बिल अडू नये म्हणून दर आणि नग यांना वेगवेगळी सूट-मर्यादा ठरवलेली असते.

माल आला पण बिल आले नाही, अशा मधल्या काळासाठी जीआर/आयआर नावाचे खाते असते. माल येताच साठा नावे आणि हे खाते जमा. बिल आले की हे खाते नावे आणि पुरवठादार जमा. त्यात जुनी जमा शिल्लक दिसली तर बहुधा बिल आलेले नाही, नावे शिल्लक दिसली तर बिलाइतका माल आलेला नाही. बॉक्समध्ये मागवलेल्या मालाचे बिल नगांत आले, तरी खोटी तफावत उभी राहते.

या पद्धतीचा सर्वांत नाजूक सांधा स्टोअरच्या दारात आहे. घाईत असलेला कारकून माल न मोजता पुरवठादाराच्या चलनावरचा 500 आकडाच जीआरएनमध्ये उतरवतो. मग तिन्ही कागदांवरचे नग तंतोतंत जुळतात, आणि न आलेल्या 20 बेअरिंगांचे पैसे बिनबोभाट जातात. कागद तीन असले तरी साक्षीदार दोनच उरलेले असतात. म्हणून काही ठिकाणी स्टोअरला दिलेल्या पीओच्या प्रतीवर नग छापतच नाहीत. चलनही मोजणी होईपर्यंत कारकुनाच्या हाती देत नाहीत, म्हणजे त्याला मोजावेच लागते. चूक पुढे उघडकीस येते ती साठा मोजताना, पण तेव्हा ती या पुरवठ्यातली होती हे सिद्ध करणे अवघड असते.