कोलॅजनची दोरी ३७ डिग्रीला सुटत का नाही

कोलॅजन पावडरच्या जाहिरातीत हल्ली "व्हिटॅमिन सी सहित" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. आता या दोघांचं नातं आहे हे खरंच, पण ते नेमकं कुठे आहे हे जाहिरातवाले सांगत नाहीत, आणि मजा सगळी तिथेच आहे.

कोलॅजन म्हणजे कातडी, हाडं, कंडरा यांना ताण सोसायची ताकद देणारं प्रोटीन. दोरी वळताना आपण एकेका पदराला एकीकडे पीळ देतो आणि मग सगळे पदर उलट्या दिशेने एकत्र वळतो म्हणजे ती सुटत नाही, कोलॅजनमध्ये तेच आहे. एकेक साखळी डावीकडे वळलेली आणि अशा तीन साखळ्या मिळून उजवीकडे वळलेल्या. प्रत्येक साखळीत साधारण १००० अमिनो आम्लं, आणि दर तिसरं ग्लायसिन, कारण मध्यभागी इतकी कमी जागा असते की ग्लायसिनपेक्षा मोठं काही मावतच नाही. उरलेल्या दोन जागांवर बऱ्याचदा प्रोलिन असतं, आणि पुढच्या ग्लायसिनच्या लगेच आधीच्या जागेवर बऱ्याचदा हायड्रॉक्सिप्रोलिन, म्हणजे प्रोलिनच, फक्त एका हायड्रोजनच्या जागी OH बसलेला.

एका ऑक्सिजनने असा काय फरक पडणार? तर हे OH न बसलेलं कोलॅजन २४ डिग्री सेल्सिअसच्या आसपासच उलगडतं, आणि नेहमीचं जवळपास ४० पर्यंत टिकतं. आपलं शरीर ३७ वर. म्हणजे OH नसेल तर तीन पदरांची ही दोरी आपल्या अंगात धड वळलीच जाणार नाही.

बरं, हे होतं कसं? बरीच वर्षं उत्तर असं होतं की OH पाण्याचे रेणू धरून ठेवतो आणि त्या पाण्याचे पूल साखळ्यांना बांधतात. १९९४ मध्ये क्रिस्टलमध्ये असं पाणी दिसलंही होतं, त्यामुळे प्रश्न मिटल्यासारखा वाटत होता. पण १९९८ मध्ये अमेरिकेत रोनाल्ड रेन्स यांच्या गटाने एक फार हुशार प्रयोग केला. त्यांनी कोलॅजनसारखे छोटे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, बनवले, प्रोलिन-प्रोलिन-ग्लायसिन १० वेळा. यांची तीन पदरी रचना ४१ डिग्रीला उलगडली. मधल्या प्रोलिनऐवजी हायड्रॉक्सिप्रोलिन घातलं तर ६९ ला. मग त्यांनी OH काढून त्याच जागी फ्लोरिन लावलं. फ्लोरिन पाण्याशी हायड्रोजन बंध जवळपास करतच नाही, म्हणजे पाण्याचे पूल हेच कारण असतं तर आकडा पडायला हवा होता. तो गेला ९१ वर!

कारण असं निघालं की प्रोलिनची पाच अणूंची कडी सपाट नसते, तिचा एक कोपरा वर किंवा खाली वाकलेला असतो आणि तो सारखा पलटत राहतो. ऑक्सिजन किंवा फ्लोरिनसारखा इलेक्ट्रॉन ओढणारा अणू बरोबर बाजूला बसला की कडी एकाच वाकणीत राहणं पसंत करते, आणि ती वाकणी नेमकी त्या जागेला हवी असलेली असते. म्हणजे साखळी एकमेकींभोवती वळायच्या आधीच योग्य आकारात तयार, वळताना जो खर्च पडतो तो आधीच भरलेला. हेच फ्लोरिन कडीच्या उलट्या बाजूला लावलं की तीन पदरी रचना नीट बनतच नाही, इतकं बाजूचं महत्त्व.

आता व्हिटॅमिन सी. हायड्रॉक्सिप्रोलिनसाठी जीनमध्ये कोडच नाही. पेशी आधी साधं प्रोलिन घालते आणि साखळ्या वळायच्या आधी प्रोलिल हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम त्यावर OH बसवतं. या एन्झाइमच्या मध्यभागी लोखंडाचा एक अणू असतो जो Fe²⁺ अवस्थेत हवा. गंमत म्हणजे प्रत्येक OH मागे व्हिटॅमिन सी खर्च होत नाही, पण अधूनमधून काम फसतं आणि लोखंड Fe³⁺ मध्ये अडकून बसतं, एन्झाइम ठप्प. व्हिटॅमिन सी त्याला परत Fe²⁺ करतं. ते नसेल तर हळूहळू सगळी एन्झाइम अडकतात, सैल साखळ्या पेशीतच रेंगाळतात, आणि होतो स्कर्व्ही: हिरड्यांतून रक्त, आणि कधीकाळी भरलेल्या जखमाही पुन्हा उघडतात, कारण तिथलं कोलॅजन सतत बदलावं लागतं.

म्हणूनच पावडर खाऊन हायड्रॉक्सिप्रोलिन सरळ आपल्या कोलॅजनमध्ये बसतं ही कल्पना चूक आहे, त्याला साखळीत बसवायची सोयच पेशीत नाही. पावडरमधल्या कोलॅजनचे काही तुकडे रक्तात पोचतात आणि पेशींना काही इशारा देतातही कदाचित, पण तो वेगळा विषय. आणि स्कर्व्ही टाळायला दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी पुरतं, लोखंड एकदा सुटलं की त्याला आणखी सोडवता येत नाही, त्यामुळे १००० च्या गोळ्या गिळून दोरी जास्त घट्ट होणार नाही.

थंड समुद्रातल्या कॉड माशाच्या कोलॅजनमध्ये प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन दोन्ही कमी असतात, आणि ते साधारण १५ डिग्रीलाच उलगडतं. माशाला चालतं, कारण तो राहतोच त्याहून गार पाण्यात.