‘संथ वाहते कृष्णामाई’ची चाल कोणाची?

गेल्या पावसाळ्यात टिळक रस्त्याजवळच्या एका सभागृहात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. निवेदक म्हणाले, “आता गदिमा आणि बाबूजी या जोडीचं एक अजरामर गीत, संथ वाहते कृष्णामाई.” टाळ्या पडल्या, गायकाने गाणं छान म्हटलं. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या. त्या पुटपुटल्या, “अहो, चाल डावजेकरांची आहे ना!” आजींचं बरोबर होतं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, आवाज सुधीर फडके यांचा आणि संगीत दत्ता डावजेकरांचं. चित्रपटाचं नावही तेच, साल १९६७. निवेदकांनी तीनपैकी दोन नावं घेतली आणि ती दोन्ही खरीच होती. फक्त तिसरा माणूस त्या वाक्यात कुठे नव्हता आणि गाण्याची चाल नेमकी त्याची होती.

ही चूक मी पुण्यात इतक्यांदा ऐकली आहे की ती कुठून आली हे नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

पहिली अडचण भाषेतच आहे. आपण ‘लताचं गाणं’ म्हणतो, ‘गदिमांचं गाणं’ म्हणतो आणि ‘फडक्यांचं गाणं’ही म्हणतो. गायलेलं, लिहिलेलं, चाल लावलेलं या तिन्हींसाठी एकच षष्ठी पुरते. घरात बोलताना त्यानं काही बिघडत नाही. पण तेच वाक्य कार्यक्रमपत्रिकेत किंवा वर्तमानपत्राच्या पुरवणीत उतरलं की वाचणारा त्याचा अर्थ आपल्या समजुतीप्रमाणे लावतो. गाणारा माणूस स्वतः संगीतकार असेल तर चाल त्याचीच धरली जाते. फडके यांच्या बाबतीत हे फार घडतं, कारण ते खरोखरच मोठे संगीतकार होते. १९४६ साली प्रभातच्या ‘गोकुळ’पासून त्यांनी चित्रपटांना संगीत दिलं आणि त्यातलं पुष्कळ स्वतःच गायले. त्यामुळे त्यांचा आवाज म्हणजे त्यांचीच चाल, असा हिशेब कानात पक्का बसला आहे.

प्रभातचं नाव आलंच आहे तर थोडं आणखी मागे जाऊ. कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले आणि स्वतःच्या गळ्याने गायले. त्यातलं ‘आधी बीज एकले’ लोकांना इतकं तुकोबांचं वाटलं की आजही ते अभंग म्हणून भजनात म्हटलं जातं. पण गाथा उघडून बसलात तर ते सापडणार नाही. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलं आणि त्याला संगीत केशवराव भोळे यांचं आहे. पडद्यावर तुकाराम गातो, पागनीसांचा आवाज ऐकू येतो, आणि लिहिणारा नि चाल बांधणारा असे दोघेही त्या प्रतिमेमागे झाकले जातात. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला गाणारा नटच समोर दिसायचा, पद त्याच्याच नावाने ओळखलं जायचं. बोलपट आला तरी ऐकणाऱ्याची सवय तीच राहिली.

मग आलं १९५५. एक एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि वर्षभर चाललं. छप्पन्न गीतं, शब्द माडगूळकरांचे, संगीत फडके यांचं. पुण्यातल्या दोन-तीन पिढ्यांच्या मनात ही दोन नावं एका दोरीत ओवली गेली ती तेव्हापासून. गंमत म्हणजे इथेही गायकांच्या नावांत गल्लत झालीच. रेडिओवर ही गीतं एकट्या फडके यांनी गायली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, सुरेश हळदणकर असे कितीतरी आवाज त्यात होते. पुढे फडके यांनी गावोगाव सगळं गीतरामायण एकट्याने गायलं, तेच ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी गेलं आणि मूळचे आवाज मागे पडले. एखादं गाणं कोणाच्या नावावर चढतं हे ते पहिल्यांदा कोणी म्हटलं यापेक्षा शेवटपर्यंत कोण म्हणत राहिलं यावर ठरतं, हे इथे स्वच्छ दिसतं.

आता पुन्हा कृष्णामाईकडे. १९६७ साली ऐकणाऱ्याला गदिमांचे शब्द ओळखू येत होते आणि फडक्यांचा आवाज तर येतच होता. दोघे असले की चाल फडक्यांची, हे बारा वर्षांपूर्वीच ठरून गेलं होतं. डावजेकर हे नाव जिथे कधी सांगितलं जात होतं तिथेही ते कानावरून निसटलं असणार.

कानाने ओळखू म्हणाल तर त्यातही फसगत आहे. “चालीवर बाबूजींची छाप आहे” असं मला चांगल्या जाणकारानेही सांगितलेलं आहे. पण ती छाप चालीवर नसून उच्चारावर असते. शब्द स्पष्ट टाकणं, ओळीच्या शेवटी स्वर हळुवार सोडणं, अर्थाप्रमाणे शब्दावर वजन देणं हे फडके यांच्या गाण्यात सगळीकडे आहे, मग चाल कोणाचीही असो. चालीचा कस पाहायचा तर गायक बाजूला ठेवून नुसती सुरावट पेटीवर वाजवून पाहावी लागते, आणि तेव्हाही फार तर अंदाज येतो, पुरावा मिळत नाही. शिवाय चांगला संगीतकार एकाच ढंगात काम करत नाही. ‘वैशाख वणवा’तलं ‘गोमू माहेरला जाते हो नाखवा’ डावजेकरांचंच आहे. ते नाचरं गाणं आणि कृष्णामाईचा तो संथ प्रवाह शेजारी ठेवून एकच हात ओळखणं कठीण. त्या गोमूलाही हाच भोग आहे. शब्द गदिमांचे आणि गायले जितेंद्र अभिषेकी. अभिषेकीबुवांनी नाट्यपदांना दिलेल्या चाली सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे हे गाणंही अनेक जण त्यांच्याच खात्यावर टाकतात.

म्हणून कागद पाहायचा. पण कोणता कागद कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो हे माहीत हवं.

सगळ्यात भरवशाची चित्रपटाची श्रेयनामावली. ‘गीते’, ‘संगीत’, ‘पार्श्वगायन’ अशा वेगळ्या पाट्या येतात आणि संगीतकाराचा प्रश्न बहुधा तिथेच मिटतो, कारण संपूर्ण चित्रपटाला एकच संगीतकार असतो. गीतकार मात्र दोन असले तर कोणतं गाणं कोणाचं हे पाटी सांगत नाही. पार्श्वगायकांचंही तसंच, चार नावं एका ओळीत येतात. तिथे कामाला येते ती पूर्वी चित्रपटगृहाबाहेर विकली जायची ती गाण्यांची पुस्तिका. तिच्यात कथासार असतं, पूर्ण गीतं छापलेली असतात आणि काही वेळा प्रत्येक गीताखाली कवीचं नावही असतं. आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून जे जपलं त्यात चित्रपटांच्या रिळांबरोबर अशा पुस्तिकाही आहेत.

तिसरा कागद म्हणजे तबकडीवरचं गोल लेबल. तिथे गाण्यागणिक गायक कळतो, कारण कंपनी माल विकायची तो गायकाच्या नावावर. पण जुन्या लेबलांवर डोळे मिटून विसंबू नये. ‘महल’मधलं ‘आएगा आनेवाला’ १९४९ साली तबकडीवर आलं तेव्हा गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. ते मधुबालेच्या पात्राचं नाव. लता मंगेशकर हे नाव श्रोत्यांनी विचारणा केल्यावर पुढे आलं.

सगळ्यात अविश्वसनीय म्हणजे कॅसेटच्या काळातले संकलित संच. पुढच्या बाजूला गायकाचा मोठा फोटो, संचाला त्याचंच नाव, आणि संगीतकारांची नावं आत बारीक अक्षरांत, तीही एकाखाली एक अशी की एक ओळ सरकली तर खालची सगळी नावं चुकतात. आजच्या चुका बऱ्याचशा या आतल्या कागदांवरून उतरवलेल्या आहेत असं माझं मत आहे.

उलट दिशेची चूकही सांगतो, म्हणजे जोडीचा पगडा किती जबर आहे ते कळेल. ‘आकाशी झेप घे रे पाखरा’ हे ‘आराम हराम आहे’मधलं गाणं. इथे चाल आणि आवाज दोन्ही फडके यांचे आहेत, त्यात शंका नाही. पण शब्द जगदीश खेबूडकरांचे. तरीही ‘गदिमांचं’ म्हणून ते माझ्यासमोर तीनदा सादर झालं आहे. तेच कारण, तीच जोडी, फक्त या वेळी कवी हरवला.

एक प्रकार मात्र असा की कागदही पुरत नाही. ‘साधी माणसं’ची गाणी ऐका. पाटीवर ‘संगीत: आनंदघन’. हे नाव खरं छापलेलं आहे, पण या नावाचा माणूस शोधायला गेलात तर भेटणार नाही. आनंदघन म्हणजे स्वतः लता मंगेशकर. राज्य पुरस्काराच्या वेळी ते उघड झालं. ‘ऐरणीच्या देवा तुला’ला लताचं गाणं म्हटलं तर ते दोन अर्थांनी बरोबर ठरतं, आणि शब्द खेबूडकरांचे हे तरीही सांगायचं राहतं. टोपणनावं कवींनीही घेतली. शांता शेळके यांनी काही गीतं वसंत अवसरे या नावाने लिहिली. यादीत ते दोन वेगळे कवी म्हणून मोजले गेले तर कोणालाच संशय येणार नाही.

त्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात मी आजींना विचारलं, तुम्हाला डावजेकर कसे ठाऊक? त्यांनी पर्समधून एक वही काढली. शाळेत असल्यापासून रेडिओवर गाणं लागलं की उतरवून घ्यायची सवय. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तीन रकाने आखलेले होते: कवी, चाल, आवाज. निवेदक तिन्ही नावं सांगतील तेव्हाच पान पूर्ण व्हायचं, नाहीतर रकाना मोकळा ठेवायचा आणि पुन्हा गाणं लागायची वाट पाहायची. कृष्णामाईच्या पानावर ‘चाल’चा रकाना वेगळ्या शाईत भरलेला दिसला. “दीड महिन्यानं कळलं,” त्या म्हणाल्या, आणि निवेदकांना भेटायला वही घेऊन विंगेकडे गेल्या.