लॅपटॉप पाडव्याला घ्यावा, कॉलेज उघडताना की दसऱ्याला?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘आत्ता घेऊ, की सेलपर्यंत थांबू?’ हा प्रश्न आमच्या काउंटरवर वर्षभर विचारला जातो. जूनमध्ये विचारणारे बहुधा बारावी झालेल्या मुलांचे आईवडील असतात, सप्टेंबरमध्ये नोकरदार मंडळी. दोघांना आम्ही वेगवेगळे उत्तर देतो. त्यामागचा हिशेब इथे मांडला आहे.

नवा प्रोसेसर आला म्हणजे नेमके काय होते

इंटेल आणि एएमडी लॅपटॉपचे बरेचसे नवे प्रोसेसर दोन प्रदर्शनांत जाहीर करतात. जानेवारीत लास वेगासचे सीईएस आणि मेअखेर-जूनच्या सुमारास तैपेईचे कॉम्प्युटेक्स. जाहीर झाले म्हणजे दुकानात आले असे मात्र नाही. आमच्यापर्यंत माल यायला साधारण दोन ते चार महिने जातात, आणि पहिल्या खेपेत येतात ती महागडी मॉडेल्स. पन्नास-साठ हजारांतली मागाहून येतात.

जानेवारीत जाहीर झालेला माल येऊ लागला की वितरकाला गोदामातला जुना माल हलवायचा असतो. त्यातच मार्चअखेर असते. त्यामुळे गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात मागच्या वर्षीचे मॉडेल आम्हाला चांगल्या भावात मिळते आणि तसेच आम्ही पुढे देतो. अडचण एकच, हवा तो प्रकार उरलेला असेलच असे नाही. १६ जीबी मेमरीचे आधी संपतात आणि ८ जीबीचे मागे राहतात. ८ जीबीचा घेणार असाल तर मेमरी वाढवायला मोकळा स्लॉट आहे का, हे आधी विचारा. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

मागच्या वर्षीचा प्रोसेसर घेतला तर फसलो का? नाव नवे असले तरी आतला ऐवज नवा असतोच असे नाही. इंटेलचे हे तीन पाहा: `i5-1235U` २०२२ चा, `i5-1335U` २०२३ चा आणि `Core 5 120U` २०२४ चा. तिन्हींत दोन मोठे आणि आठ छोटे, असे दहाच कोअर आहेत. कमाल वेग ४.४ वरून ४.६ आणि मग ५ गिगाहर्ट्झ झाला, एवढेच. टॅली, एक्सेल, ब्राउझर, ऑनलाइन वर्ग यांत हा फरक हाताला जाणवत नाही. अशा बदलासाठी पाच-सहा हजार ज्यादा मोजू नका. याउलट डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या पहिल्या `Core Ultra` मालिकेत रचनाच बदलली आणि ग्राफिक्सही सुधारले. असा बदल असेल आणि तुम्ही व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीचे काम करत असाल, तर थांबण्यात अर्थ आहे.

एएमडीच्या ७००० मालिकेत तर अंकाकडे बारकाईने बघावे लागते. `Ryzen 5 7520U` आणि `Ryzen 5 7530U` यांत फरक फक्त दहाचा दिसतो, पण तिसरा अंक आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२० मध्ये झेन २ रचनेचे चार कोअर आहेत, ७५३० मध्ये झेन ३ चे सहा. सेलच्या जाहिरातीत दोन्ही ‘रायझन ५, ७००० सीरिज’ म्हणूनच येतात. म्हणून आम्हाला फोनवर भाव विचारताना पूर्ण नंबर सांगा.

दसरा-दिवाळीचा सेल

सणाच्या सेलमध्ये भाव खरेच उतरतात. मात्र खोडलेल्या एमआरपीवरून सवलत मोजू नका. सेलच्या तीन आठवडे आधी त्याच मॉडेलचा भाव लिहून ठेवा आणि त्याच्याशी ताडून बघा. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. नाव, रंग, प्रोसेसर सगळे तेच, पण शेवटची दोन अक्षरे वेगळी असली की स्क्रीन २५० निट्सची, म्हणजे कमी उजळ, आणि फिकट रंगांची निघू शकते. ग्राफिक डिझाइन करणाऱ्याला ती चालत नाही.

नो-कॉस्ट ईएमआयचा हिशेब एकदा नीट बघा. समजा लॅपटॉप ६०,००० चा आहे, हप्ते १०,००० चे सहा आणि बँकेचा व्याजदर १५ टक्के. यात सुमारे २,५४० रुपये व्याज असते. तेवढी सूट विक्रेता आधीच देतो म्हणून ते दिसत नाही. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ४५७ रुपये, तुमच्या कार्डावर पडतो. बँकेचे प्रोसेसिंग शुल्क त्याहून वेगळे. रक्कम मोठी नाही, पण दोन दुकानांच्या भावात पाचशेचाच फरक असेल तर ती धरायला हवी. कार्डावरची १० टक्के सूटही ठरावीक रकमेपर्यंतच असते, ती मर्यादा वाचा.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाला, मग लॅपटॉप स्वस्त का नाही, असे अनेक जण विचारतात. लॅपटॉपवर आधीही १८ टक्केच होता आणि नंतरही तोच राहिला. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकांनी मात्र बिलावर आपला नंबर घालून घ्यावा. व्यवसायासाठी घेतलेल्या ५९,००० च्या लॅपटॉपमध्ये ९,००० कर असतो आणि त्याची वजावट मिळते.

कॉलेज उघडताना

जून ते ऑगस्टच्या ऑफरमध्ये भाव फारसा उतरत नाही. ज्यादा वॉरंटी, अपघाती नुकसानीचे संरक्षण, हेडफोन अशा गोष्टी मिळतात. साध्या वॉरंटीत सांडलेला चहा किंवा तडकलेली स्क्रीन बसत नाही, आणि होस्टेलच्या खोलीत हेच दोन अपघात सर्वांत जास्त होतात. म्हणून मूल बाहेरगावी राहणार असेल तर हे संरक्षण आम्हाला भावातल्या सवलतीपेक्षा मोलाचे वाटते.

समजा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जाणाऱ्या मुलीसाठी १६ जीबी मेमरीचा `i5-1335U` लॅपटॉप जुलैत ५४,००० ला आहे, आणि दसऱ्याला तो ५०,५०० ला मिळेल. वाचले ३,५००. पण ज्यादा वॉरंटी आणि अपघात संरक्षण तेव्हा वेगळे घ्यायचे झाले तर हे पैसे बहुतेक त्यातच जातात, शिवाय पहिले सत्र निम्मे होऊन जाते. तिला आम्ही जुलैतच घ्यायला सांगू. घरी चालता लॅपटॉप असलेल्या तिच्या वडिलांना मात्र दसऱ्यापर्यंत थांबा म्हणू. ऑफरचे ज्यादा फायदे मिळवण्यासाठी बहुतेक वेळा बिल टाकून कंपनीच्या साइटवर ठरावीक दिवसांत नोंदणी करावी लागते. ती राहून गेली की काही मिळत नाही. आमच्याकडे घेतलेल्यांची नोंदणी आम्ही काउंटरवरच करून देतो.

थांबले की स्वस्तच मिळते, हेही गृहीत धरू नका. २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरी चिपचे भाव जोरात चढले, आणि लॅपटॉपचे भावही त्यापाठोपाठ वर जाऊ लागले. असे दिवस असतील आणि लॅपटॉप लवकरच लागणार असेल, तर आम्ही सेलची वाट बघायला सांगत नाही.

घरी नेण्याआधी

खोक्यावर निर्मितीचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेले असते. वर्षभर जुना माल असेल तर तसा भाव मागा, आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटी तुमच्या बिलाच्या तारखेपासून धरली आहे का ते पाहा. नसेल तर बिल पाठवून दुरुस्त करून घेता येते.

सेलच्या गर्दीत शोकेसमधला डेमो पीसही नवा म्हणून हातात पडू शकतो. लॅपटॉप सुरू करून कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाका:

```
powercfg /batteryreport
```

`battery-report.html` फाइल कुठे तयार झाली ते तिथेच दिसते. ती उघडून `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` हे आकडे बघा. नव्या मशिनमध्ये ते जवळजवळ सारखे असतात आणि `CYCLE COUNT` शून्याच्या आसपास असतो. तो तीस-चाळीस दिसला तर तो लॅपटॉप आधी वापरलेला आहे. आम्ही हा रिपोर्ट तुमच्यासमोर काढतो आणि त्याची प्रिंट बिलाला जोडून देतो.