बँक ट्रान्सफरचे प्रकार

एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायचे मुख्य मार्ग म्हणजे एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस आणि यूपीआय. चारही आता रविवारी, सुट्टीच्या दिवशीपण चालतात, एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून, त्यामुळे आता खरा प्रश्न असतो रक्कम किती आणि समोरच्याला पैसे नेमके कधी दिसायला हवेत.

समजा फोंड्याचं एक कुटुंब म्हापशात जुना फ्लॅट घेतंय, सोमवारी सकाळी 11 ला सब-रजिस्ट्रारकडे सेल डीडवर सह्या आहेत आणि विकणारा म्हणतो 18 लाख खात्यात दिसल्याशिवाय सही नाही. यूपीआयला साधी मर्यादा दिवसाला 1 लाख, आयएमपीएसला एका वेळी 5 लाख, म्हणजे ते दोन्ही इथे बादच. एनईएफटीला रिझर्व्ह बँकेची वरची मर्यादा नाही, पण ती दर अर्ध्या तासाच्या बॅचने चालते, 10:05 ला पाठवलेले पैसे साधारण 10:30 च्या बॅचमध्ये जाणार आणि समोरच्या बँकेला जमा करायला त्यानंतर 2 तासांपर्यंत मुभा, म्हणजे नियमात राहूनसुद्धा साडेबारा वाजू शकतात आणि सगळे ऑफिसात ताटकळत बसणार! आरटीजीएस कमीत कमी 2 लाखांसाठी आहे, त्यात बॅच नसते, प्रत्येक व्यवहार सुटा सुटा तिथल्या तिथे पुरा होतो आणि समोरच्या बँकेने अर्ध्या तासात जमा करायचे असतात. इथे हाच मार्ग घ्यावा.

पण बहुतेक लोक अडकतात ते स्वतःच्या बँकेच्या नियमात. नवीन खातं ॲड केलं की बऱ्याच बँका सुरुवातीचे काही तास, कधी पूर्ण दिवस, थोडीच रक्कम सोडतात, शिवाय ॲपची दिवसाची मर्यादा वेगळी. म्हणून विकणाऱ्याचं खातं शुक्रवारीच ॲड करायचं, मर्यादा वाढवून घ्यायची, नाहीतर सोमवारी ब्रांच उघडल्या उघडल्या चेक आणि फॉर्म घेऊन जायचं. पैसे जमा होतात ते खाते नंबरवरून, नाव जुळलं नाही तरी, म्हणून पाठवण्याआधी स्क्रीनवर येणारं खातेदाराचं नाव नीट वाचायचंच. पैसे गेले की यूटीआर नंबर मिळतो, तो जपून ठेवायचा, पैसे अडकले तर बँक आधी तोच विचारते आणि डीडमध्ये पेमेंटचा तपशील लिहायलाही तोच लागतो.

छोट्या घाईच्या रकमेला, म्हणजे 40 हजार डिपॉझिट वगैरे, यूपीआय किंवा आयएमपीएस बरं. त्यात कधीकधी खात्यातून कापले जातात पण समोर पोचत नाहीत, तेव्हा लगेच परत पाठवू नये, दोनदा जायची भीती असते. आयएमपीएसमध्ये असे पैसे पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची. घाई नसलेलं, कॉन्ट्रॅक्टरचं बिल किंवा पगार, एनईएफटीने करावं, सेव्हिंग्ज खात्यातून ऑनलाइन केलं तर चार्ज लागत नाही.