मांजराच्या दाताची खूण बारीक, जखम खोल

दोन मांजरं एकमेकांवर फिस्कारत असतात, पाठीवरचे केस ताठ झालेले असतात, आणि आपल्या मांजराला उचलून घ्यायला घरातली बाई मध्ये हात घालते. क्षणभराची झटापट होते. हात मागे येतो तेव्हा उजव्या तर्जनीच्या आतल्या बाजूला, मधल्या पेरावर, दोन लाल टिंबं दिसतात. थेंबभर रक्त येतं, नळाखाली बोट धरलं की थांबतं. वर चिकटपट्टी लागते आणि विषय संपतो. तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. पहाटे चारला ठणक्याने जाग येते, तर बोट टरारून सुजलेलं.

ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की हाताच्या शल्यचिकित्सकांना ती अर्ध्यातच कळते. कुत्र्याच्या चाव्याने मांस फाटतं, रक्त वाहतं, माणूस घाबरून लगेच दवाखाना गाठतो. मांजराचे सुळे मात्र सुईसारखे असतात. ते सरळ आत शिरतात आणि तोंडातले जंतू खोलवर सोडून बाहेर येतात. वरची कातडी लगेच मिटते. म्हणजे जंतू आत, दार बंद, आणि बाहेरून पाहणाऱ्याला फक्त दोन टिंबं.

बोटाच्या आतल्या बाजूला हे जास्तच महागात पडतं. तिथे कातडीखाली जेमतेम काही मिलिमीटरवर बोट वाकवणारी कंडरा असते, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. ती म्यानासारख्या एका नळीतून मागेपुढे सरकते. या म्यानात रक्तपुरवठा कमी, त्यामुळे शरीराचे रक्षक तिथे उशिरा पोहोचतात. जंतूंना मात्र बोटाच्या टोकापासून तळहातापर्यंत वाट मोकळी मिळते. सांध्यावरच्या चाव्याचंही तसंच. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी हाताला मांजर चावलेल्या १९३ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या ५७ जणांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, आणि ३८ जणांची जखम शस्त्रक्रियेने उघडून धुवावी लागली. हे सगळे दवाखान्यापर्यंत आलेले रुग्ण होते, घरीच बरे झालेले यात नाहीत, हे खरं. तरी ‘मांजरच तर चावलंय’ म्हणण्याआधी हे आकडे आठवावेत.

इतक्या झपाट्याने सूज आणणारा जंतू बहुतेक वेळा पाश्चुरेला मल्टोसिडा हा असतो. धडधाकट मांजरांच्या तोंडातही तो सर्रास असतो, त्यामुळे मांजर घरातलं, स्वच्छ, लस दिलेलं आहे याचा इथे काही उपयोग नाही. त्याची ओळख त्याच्या घाईतून पटते. चाव्यानंतर बारा ते चोवीस तासांत, कधी त्याहूनही लवकर, लाली, सूज आणि जखमेच्या मानाने फारच जास्त ठणका सुरू होतो.

आता त्या रात्री नऊला काय करायला हवं होतं ते पाहू. सगळ्यात आधी बोटातली अंगठी काढायची. हे कुणाला सुचत नाही, आणि सकाळी ती कापून काढावी लागते. मग साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं घड्याळ लावून मोजावीत, कारण दुखत असताना दोन मिनिटंसुद्धा खूप वाटतात. धार थेट टिंबांवर पडू द्यायची, मधून मधून पुन्हा साबण लावायचा, पण ब्रशने खरवडायचं नाही. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनसारखं जंतुनाशक लावून वर सैल, स्वच्छ पट्टी ठेवायची. भोक दाबून पिळणं, तोंडाने चोखणं, त्यावर पूड किंवा लेप भरणं, चिकटद्रव्याने ते बंद करणं, यांतलं काही नको. जखम उघडी राहणंच बरं. याच कारणाने डॉक्टरही अशा भोकाला सहसा टाका घालत नाहीत.

पण या धुण्याला एक मर्यादा आहे. सुईच्या भोकात खाली गेलेल्या जंतूंपर्यंत साबण पोहोचत नाही. म्हणून हातावर, मनगटावर किंवा सांध्यावर मांजराचा दात खोल गेला असेल, तर सूज यायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. अशा जखमेला संसर्ग होण्याआधीच तीन ते पाच दिवस प्रतिजैविक देतात, आणि पहिली पसंती बहुधा अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक आम्ल या जोडीला असते. घरात मागच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या असतील तर त्या घेऊ नयेत. सेफॅलेक्सिन, एरिथ्रोमायसिन ही एरवी कामाची औषधं पाश्चुरेलावर तोकडी पडतात, आणि औषध चालू आहे या समाधानात मोलाचा दिवस जातो. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ती आधीच सांगायची. धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल, तर तीही घ्यावी लागते.

आपल्या बाईंनी हे केलं नाही. सकाळी बोट आपोआप किंचित वाकलेलं राहतं, अख्खं बोट सारखंच सुजलेलं दिसतं, आतल्या बाजूने दाबलं की मुळापर्यंत दुखतं आणि दुसऱ्या हाताने ते सरळ करायला गेलं की किंकाळी फुटते. या चार खुणा एकत्र दिसल्या तर म्यानात पू होतो आहे असं डॉक्टर धरून चालतात. अशा वेळी नुसत्या गोळ्या पुरत नाहीत. शिरेतून औषध द्यावं लागतं, बऱ्याचदा म्यान उघडून धुवावं लागतं. एखाद दिवसाच्या उशिरानेसुद्धा कंडरा चिकटते आणि बोट कायमचं ताठर राहू शकतं. सुजेवरून कोपराकडे लाल रेघ सरकत असेल किंवा थंडी वाजून ताप आला असेल, तरीही थांबू नये.

बोटाचा प्रश्न मार्गी लागल्यावर डॉक्टर विचारतात, ‘चावलं कोणतं मांजर?’ आणि बाई गप्प होतात. दोन मांजरं होती. एक घरातलं, दरवर्षी लस घेणारं. दुसरं कुणाचं, कुठून आलेलं, माहीत नाही. दात कुणाचा लागला हे त्या झटापटीत दिसलंच नाही, आणि दुसरं मांजर तेव्हाच भिंतीवरून पसार झालं.

रेबीजच्या बाबतीत अशा शंकेचा फायदा रोगाला देता येत नाही. लक्षणं सुरू झाल्यावर या रोगातून माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. मात्र त्याआधी हातात वेळ असतो, कारण विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे हळूहळू सरकतो. त्याला साधारण दोन-तीन महिने लागतात. क्वचित आठवड्याभरात लक्षणं दिसतात, क्वचित वर्षानेही. त्या पंधरा मिनिटांच्या धुण्याचं इथे मोल होतं. रेबीजच्या विषाणूवर चरबीयुक्त आवरण असतं, ते साबणाने फुटतं. मज्जातंतूत शिरण्याआधी जितके विषाणू नष्ट होतील तितके बरे. आणि धुवायचं राहिलं असेल तर काही तासांनीसुद्धा धुवावं.

कातडी भेदून रक्त आलं, की तो जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर गटातला संपर्क ठरतो. मग तो चावा असो की बोचकारा. मांजर पंजे चाटतं, त्यामुळे नखांवर लाळ असू शकते, म्हणून नुसत्या ओरखड्यालाही सूट नाही. रक्त न येता उठलेला हलका ओरखडा दुसऱ्या गटात येतो आणि त्याला धुणं आणि लस पुरते. तिसऱ्या गटात लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, द्यावी लागतात. कारण लशीने शरीराला स्वतःची प्रतिपिंडं बनवायला आठवडाभर तरी लागतो, आणि तेवढा काळ जखमेवर पहारा हवा. मानवी रक्तातून मिळवलेल्या इम्युनोग्लोब्युलिनची कमाल मात्रा वजनाच्या दर किलोला २० युनिट. साठ किलोच्या बाईंना ती १,२०० युनिट होते, पण ते औषध जखमेच्या आत आणि भोवतीच टोचायचं असतं आणि बोटात तेवढी जागा नसते. तिथे मावेल तितकंच, हलक्या हाताने देतात. लस मात्र दंडात घ्यायची, पहिला डोस लगेच, मग त्यानंतरच्या तिसऱ्या, सातव्या आणि पुढच्या ठरलेल्या दिवशी. नेमकं वेळापत्रक लस कातडीत देतात की स्नायूत यावर आणि त्या त्या देशाच्या नियमावर ठरतं. पूर्वी पूर्ण लस घेतलेल्यांना इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, दोन वाढीव डोस बहुधा पुरतात.

मांजर ओळखीचं आणि नजरेसमोर असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात. पिसाळण्याच्या बेतात असलेल्या मांजराच्या लाळेत विषाणू लक्षणांच्या जेमतेम काही दिवस आधी येतो. त्यामुळे दहाव्या दिवशीही ते ठणठणीत असेल, तर चावलं तेव्हा लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं आणि उरलेले डोस थांबवता येतात. मात्र सुरुवात लगेच करायची, दहा दिवस वाट पाहून नव्हे. पसार झालेल्या मांजराच्या बाबतीत अर्थातच सगळे डोस पूर्ण करायचे.

इथे एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला रेबीजची लस टोचायला सुरुवात झाली आणि तो वाचला. त्याआधी काही वर्षं पाश्चर कोंबड्यांच्या पटकीच्या जंतूवर काम करत होते. तो जंतू म्हणजेच बाईंचं बोट सुजवणारा पाश्चुरेला. एका चाव्यात त्यांच्या आयुष्यातली दोन कामं एकत्र येतात.

तिसरा पाहुणा यायला वेळ लावतो. बोट बरं झालं, लशीचे डोस होत आले, आणि तीन आठवड्यांनी काखेत अवधाण येतं, सुपारीएवढी दुखरी गाठ. थोडा ताप, थकवा, डोकेदुखी. या वेळी बाईंना झटापट आठवते, पण मनगटावरचा बारीक ओरखडा आठवत नाही. त्या जागी आठवड्याभराने एक लालसर पुळी आली होती, ती त्यांना डास चावल्याची खूण वाटली होती. हा ‘कॅट स्क्रॅच’ आजार, म्हणजे मांजर ओरबाडल्याने येणारा ताप. त्याचा जंतू बार्टोनेला हेन्सेली. तो मांजरांमध्ये पसरतो पिसवांमुळे. पिसवांची विष्ठा मांजराच्या नखांखाली अडकते आणि ओरखड्यातून माणसाच्या कातडीत जाते. वर्षाच्या आतली पिल्लं यात पुढे असतात, आणि ती आजारी दिसतही नाहीत.

गाठ पाहिली की क्षयाची किंवा कर्करोगाची शंका मनात येते, तपासण्यांची रांग लागते. ओरखड्याची आणि पिल्लाची गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगितली तर त्यांतल्या बऱ्याच वाचतात. धडधाकट माणसात हा आजार बहुधा दोन ते चार महिन्यांत आपला आपण ओसरतो. अझिथ्रोमायसिनच्या पाच दिवसांच्या कोर्सने गाठ थोडी लवकर बसते, म्हणून काही डॉक्टर तो देतात. गाठीत पू झाला तर ती सुईने रिकामी करतात, चिरत नाहीत. चिरल्यास ती जागा महिनोन्‌महिने पाझरत राहू शकते. एका डोळ्याला अचानक धूसर दिसू लागलं, झटके आले किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. एचआयव्ही असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी साध्या ओरखड्यानंतरही डॉक्टरांना फोन करावा. मांजराला घराबाहेर काढायची गरज नाही. त्याच्या अंगावरच्या पिसवा पशुवैद्याच्या औषधाने घालवल्या की या जंतूची वाट बरीचशी बंद होते.