रस्त्यावर गाड्या तीन, मग ठेकेदार चार का मागतो?

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या गृहसंकुलाने सकाळसाठी बस ठेवायची ठरवली की बैठकीत एक हिशोब हमखास होतो. टाइमटेबल समोर ठेवायचं, एकाच वेळी जास्तीत जास्त किती फेऱ्या धावतात ते मोजायचं आणि तेवढ्याच गाड्या मागायच्या. ठेकेदार एक गाडी जास्त सांगतो आणि सगळ्यांना तो लुबाडतोय असं वाटतं. कधी तो खरंच लुबाडतही असेल, पण बऱ्याचदा चूक मोजणाऱ्याचीच असते.

समजा, कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला 7:00, 7:20, 7:40, 8:00 आणि 8:20 ला गाडी सुटते आणि प्रत्येक फेरीला 40 मिनिटं लागतात. शिवाय 8:05 ला ठाणे स्टेशनहून वाशीला एक फेरी आहे, ती 8:50 ला पोहोचते. घड्याळ घेऊन कोणताही क्षण निवडा, रस्त्यावर तीनपेक्षा जास्त फेऱ्या सापडणार नाहीत. वाशीची फेरी वगळली तर दोनच.

आता सातच्या गाडीमागे जाऊ. ती 7:40 ला स्टेशनवर मोकळी होते, पण 7:40 ची पुढची फेरी सुटते कासारवडवलीहून. रिकामी परतायला 35 मिनिटं धरली तर ती 8:15 ला तिथे पोहोचेल. म्हणजे 7:40 ची गेली, 8:00 चीही गेली. मिळेल ती थेट 8:20 ची. त्यामुळे पहिल्या चार फेऱ्यांपैकी कोणत्याही दोन एका गाडीला करता येत नाहीत. सातची आणि आठची फेरी एकाच क्षणी रस्त्यावर नसतातच, तरी त्यांना गाड्या दोन लागतात.

एकाच वेळी धावणाऱ्या फेऱ्या मोजणं वेगळं आणि एकमेकींना जोडता न येणाऱ्या फेऱ्या मोजणं वेगळं. पहिला आकडा फक्त घड्याळ बघतो, दुसरा गाडी कुठे उभी आहे तेही बघतो. लग्नाच्या हॉलसाठी पहिला पुरतो, कारण हॉल कार्यक्रम संपल्यावर जागेवरच असतो. सगळ्या फेऱ्या एकाच थांब्यावर सुरू होऊन तिथेच संपत असतील तर बसलाही तो पुरेल. सकाळी सगळी गर्दी एकाच दिशेने वाहते तेव्हा मात्र पुरत नाही.

आपल्याकडे अशा चार फेऱ्या सापडल्या, म्हणजे चारपेक्षा कमी गाड्यांत काम होणार नाही हे पक्कं. पण चारात भागेल का? फेऱ्या सहा आहेत. एका फेरीची गाडी पुढच्या फेरीला लावली की एक गाडी वाचते. म्हणून लागणाऱ्या गाड्या म्हणजे एकूण फेऱ्या वजा जमलेले जोड. अट इतकीच, की प्रत्येक फेरीला पुढे एकच जोड आणि मागेही एकच.

इथे स्टेशनवरचा नेहमीचा न्याय घात करतो: जी आधी आली ती आधी सुटेल. 7:40 ला आलेली सातची गाडी थांबते आणि 8:05 ला वाशीला निघते. 7:20 ची गाडी स्टेशनवर 8:00 ला येते. ती रिकामी परतली तरी 8:35 होतात, म्हणून 8:20 साठी नवी गाडी आणावी लागते. जोड एकच जमला, गाड्या पाच. उलट करा. आधी आलेल्या गाडीला रिकामीच मागे पाठवून 8:20 द्या आणि नंतर आलेलीला वाशीला धाडा. जोड दोन, गाड्या चार. असा एक जोड सोडवून दुसऱ्याला देत, एखादी अडलेली फेरी जुळेपर्यंत साखळी सरकवत नेणं, हीच संगणकाचीही पद्धत. फेऱ्या शेकडो असल्या तरी ती चटकन उत्तर देते.

एकमेकींना जोडता न येणाऱ्या फेऱ्यांचा सर्वांत मोठा गट आणि सगळ्या फेऱ्यांना लागणाऱ्या सर्वांत कमी गाड्या हे दोन आकडे नेहमी सारखेच येतात, हे गणितज्ञ डिलवर्थने 1950 मध्ये सिद्ध केलं. डँटझिग आणि फुल्कर्सन या गणितज्ञांनी 1954 मध्ये हाच प्रश्न तेलवाहू जहाजांसाठी मांडला होता. ठेकेदाराशी वाद घालताना हे फार उपयोगी. तो पाच म्हणाला तर न जुळणाऱ्या पाच फेऱ्या दाखव म्हणायचं. नसतील, तर जोडणी चुकली आहे.

पण एक सांभाळा. हे चार त्या 35 मिनिटांवर उभे आहेत. रिकाम्या परतीला 40 मिनिटं लागली तर 8:20 कशीबशी साधते. 41 लागली की तो जोड तुटतो आणि पाचवी गाडी खरंच लागते. तेव्हा परतीचा वेळ नकाशावरून घेऊ नका, कामाच्या दिवशी सकाळी पावणेआठला त्या रस्त्यावर जाऊन मोजा. आणि गाड्या दोन-तीन वेगवेगळ्या डेपोंच्या असून प्रत्येकीला आपापल्याच डेपोत परतायचं असेल, तर ही साधी वजाबाकी चालत नाही. तो प्रश्न बराच अवघड होऊन बसतो.